कमी वापरलेली बॅटरीच आधी गेली: काकांचा लॅपटॉप आणि ८० टक्क्यांची मर्यादा

मे २०२४ मध्ये काकांचा फोन आला. "अरे, लॅपटॉपचं टचपॅड दाबलंच जात नाहीये. माऊस लावून काम चालवतोय, पण आता झाकणही नीट बसत नाही. एकदा येऊन पाहून जा." काका नागपुरात कर सल्लागार आहेत, धंतोलीत त्यांचं छोटं ऑफिस आहे. मी अशाच लहान ऑफिसांच्या संगणकांची देखभाल करतो, त्यामुळे घरच्यांचंही सगळं माझ्याकडेच येतं. टचपॅड दाबलं जात नाही आणि झाकण बसत नाही, या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी आधी एकच सांगतो, आणि काकांनाही तेच सांगितलं: चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, मी येईपर्यंत चालू करू नका.

ऑफिसात गेलो तर लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. टेबल सपाट होतं, लॅपटॉपचा तळच फुगला होता. मागचे स्क्रू सैल करताच पत्रा स्वतःहून वर आला. आत बॅटरीच्या तीन चपट्या पिशव्या एका ओळीत असतात, त्यातली मधली पुरीसारखी टम्म झाली होती. तिनेच वर टचपॅडला आणि खाली पत्र्याला रेटा दिला होता. अशी पिशवी बोटाने दाबून बघायची नाही, टोकदार वस्तूने उचकटायची नाही आणि "गॅस काढून टाकू" म्हणून टोचायची तर मुळीच नाही, ती पेट घेऊ शकते. मी बॅटरीची वायर बोर्डावरून काढली, प्लास्टिकच्या पट्टीने पॅक हळूच सोडवला आणि रेती भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवला.

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. पण काका म्हणाले, "मी तर या बॅटरीला हातही लावला नाही. तीन वर्षं चार्जरवरच आहे हा. बॅटरी वाचावी म्हणूनच तसा ठेवला होता. तुझी ताई तो तिचा लॅपटॉप घेऊन वर्धा, भंडारा फिरते, रोज बॅटरी संपवते, तिचा ठणठणीत आहे. असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर तपासायला सगळं हाताशी होतं. दोन्ही लॅपटॉप जून २०२१ मध्ये एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, मॉडेल एकच, बॅटरी एकच. असा जोड सहसा मिळत नाही.

विंडोजमध्ये बॅटरीचा इतिहास पाहायला वेगळं काही टाकावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टवर एवढंच लिहायचं:

```
powercfg /batteryreport
```

त्यातून एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली आहे तेही तिथेच दिसतं. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की `DESIGN CAPACITY`, `FULL CHARGE CAPACITY` आणि `CYCLE COUNT` अशा तीन ओळी सापडतात. पहिली म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात मावायला हवी ती ऊर्जा, दुसरी म्हणजे आज मावते ती, आणि तिसरी म्हणजे आतापर्यंत किती फेऱ्या झाल्या. फेरी मोजताना शंभर टक्के एका दमात वापरले पाहिजेत असं नसतं. आज चाळीस टक्के वापरले, उद्या साठ वापरले, की एक फेरी.

लॅपटॉप चार्जरवर लावून, बॅटरी बाहेर ठेवूनच काकांच्या यंत्रावर जुना अहवाल वाचला. मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-अवर, शेवटची नोंद ३१,१४० आणि फेऱ्या फक्त ४१. ताईच्या लॅपटॉपवर मूळ क्षमता तीच, शिल्लक ३८,६२० आणि फेऱ्या ५८७. म्हणजे ताईने बॅटरी चौदा पट वापरली, तरी तिच्यात ७७ टक्के जीव राहिला. काकांनी ती जवळपास वापरलीच नाही, आणि ती ६२ टक्क्यांवर येऊन वर फुगलीही.

लिथियम-आयन बॅटरी दोन वेगळ्या कारणांनी म्हातारी होते. एक वापराने, दुसरं नुसत्या दिवसांनी. आपण सगळे पहिल्याचीच काळजी करतो, कारण ते दिसतं. दुसरं बॅटरी नुसती पडून असतानाही चालू असतं, आणि ते किती वेगाने चालेल हे दोन गोष्टी ठरवतात: बॅटरी किती भरलेली आहे आणि किती तापलेली आहे. काकांच्या टेबलावर दोन्ही गोष्टी टोकाला होत्या.

आत काय होतं ते थोडं सांगतो, कारण ८० हा आकडा तिथूनच येतो. चार्ज करताना लिथियम एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं. ग्रॅफाइट जितकं भरत जातं तितकं ते मधल्या द्रावणाशी जास्त झोंबतं. द्रावण थोडं थोडं तुटतं आणि ग्रॅफाइटवर त्याचा थर जमतो. पहिल्या काही चार्जिंगमध्ये हा थर जमायलाच हवा, तो संरक्षण देतो. पण पुढेही तो जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम ये-जा करत नाही, म्हणजे तेवढी क्षमता गेली. समोरच्या बाजूला याच वेळी व्होल्टेज वर चढलेलं असतं आणि तिथेही द्रावण बिघडतं. या बिघाडातून वायू सुटतो. पिशवी बंद असल्याने त्याला बाहेर पडायला वाट नसते. मधली पुरी तिथून आली.

एका सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असतं, नव्या प्रकारच्या काही सेलमध्ये ४.३५ ते ४.४५ पर्यंतही जातं. ८० टक्क्यांना नेहमीचा सेल साधारण ४.० च्या आसपास असतो. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण या वरच्या पट्ट्यातल्या दर एक दशांश व्होल्टमागे फेऱ्यांचं आयुष्य साधारण दुपटीने बदलतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. ८० टक्क्यांना काही जादूची रेघ नाही. ८५ ला थोडा कमी फायदा, ७० ला थोडा जास्त. ८० वर बराचसा फायदा पदरात पडतो आणि वापरायलाही पुरेसं उरतं, म्हणून कंपन्यांनी तो आकडा धरला.

उष्णतेचं तर आणखी वाईट. एक वर्ष पडून राहिलेल्या बॅटरीसाठी सर्रास दिले जाणारे आकडे असे: २५ अंशांना ४० टक्के भरलेली ठेवली तर वर्षाने ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेली ठेवली तर ८०. चाळीस अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. नेमके आकडे सेलच्या प्रकारानुसार बदलतात, पण दिशा हीच राहते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, ऑफिसात कूलर, आणि काकांचा लॅपटॉप फायलींच्या गठ्ठ्यावर, तळाची जाळी झाकलेली. फायलींवरून उचलल्यावर त्याच जागी ताईचा लॅपटॉप तासभर चालवून पाहिला आणि तळाला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. बॅटरीच्या बाजूला ४२ अंश आले. काकांची बॅटरी तीन वर्षं याच उन्हाळ्यांत, दिवसरात्र शंभर टक्क्यांवर होती. ताईची बॅटरी सकाळी पूर्ण भरायची आणि दुपारपर्यंत चाळीसवर यायची. फेऱ्यांनी तिची झीज झाली, पण वरच्या पट्ट्यात ती दिवसातले थोडेच तास असायची.

नवी बॅटरी जून २०२४ मध्ये बसवली. त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या: लॅपटॉप फायलींवरून उचलून जाळीच्या स्टँडवर ठेवला, आणि चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावली. मर्यादेची सोय बहुतेक लॅपटॉपमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये असते. नावं निरनिराळी असतात, पण बॅटरी जपणं किंवा दीर्घायुष्य अशा अर्थाचा शब्द शोधला की सापडते. काही यंत्रांत ६०, ८० आणि १०० एवढेच पर्याय असतात. लिनक्स वापरणाऱ्यांना, यंत्राचा ड्रायव्हर साथ देत असेल तर, एका ओळीत जमतं:

```
echo 80 | sudo tee /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

काही यंत्रांत `BAT0` च्या जागी `BAT1` असतं, आणि ही ओळ रीस्टार्टनंतर पुसली जाऊ शकते, म्हणून नंतर एकदा तपासावं.

इथे माझीच एक चूक झाली. मर्यादा लावली, काकांना सांगितलं "झालं", आणि निघालो. दहा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी गेलो तर कोपऱ्यात ९८ टक्के दिसत होते. मर्यादा लागली नाही असं वाटून मी अर्धा तास सेटिंग चाळत बसलो. सेटिंग बरोबर होतं. नवी बॅटरी बसवल्यावर मी आधी ती पूर्ण भरली होती आणि मग मर्यादा लावली होती. मर्यादा म्हणजे ८० च्या वर चार्जिंग करायचं नाही, एवढंच यंत्राला कळतं. आधीच वर असलेली बॅटरी खाली आणायचं काम बहुतेक लॅपटॉप करत नाहीत. चार्जर जोडलेला असताना यंत्र थेट चार्जरवर चालतं, बॅटरीतून काहीच जात नाही, आणि ती ९८ वर तशीच बसून राहते. म्हणजे ज्याच्यापासून तिला वाचवायचं होतं त्यातच ती होती. मग एकदा चार्जर काढून ७५ पर्यंत उतरवली आणि पुन्हा जोडला, तेव्हा ८० वर थांबली. मर्यादा लावली की आठवडाभराने टक्के पाहायचे, हे मी तेव्हापासून पाळतो.

काकांची एक शंका रास्त होती. "जुलैमध्ये रिटर्नची गर्दी असते. तेव्हाच लाइट गेली तर?" हिशेब करून दाखवला. त्यांचं काम म्हणजे एक्सेल, ब्राउझर आणि टॅक्सचं सॉफ्टवेअर, त्यात लॅपटॉप सरासरी १२ वॉट खातो. पूर्ण ५० वॉट-अवर असतील तर चार तासांच्या वर चालेल, ८० टक्के म्हणजे ४० वॉट-अवर असतील तर सव्वातीन तास. धंतोलीत एवढा वेळ वीज क्वचितच जाते. वरचे वीस टक्के त्यांना वर्षभरात क्वचितच लागले. खरं तर त्यांना ६० सुद्धा पुरले असते आणि बॅटरीला ते आणखी मानवलं असतं, पण "निम्मीच बॅटरी?" म्हणून त्यांचं मन तयार होईना, आणि मी ताणलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, चौदा महिन्यांनी, पुन्हा अहवाल काढला. बसवताना ४९,८७० असलेली क्षमता ४७,९०० वर होती, म्हणजे ९६ टक्के. अहवालात जुन्या बॅटरीच्या नोंदीही असतात, त्यामुळे तिचे पहिले चौदा महिने शेजारी ठेवता आले. तेव्हा, ऑगस्ट २०२२ मध्ये, ती ४३,६०० वर आली होती, ८७ टक्के. तेच यंत्र, तेच टेबल, तोच माणूस. मात्र या फरकाचं सगळं श्रेय ८० टक्क्यांना देणं मला पटत नाही. स्टँडमुळे तळ सहा-सात अंश थंड राहायला लागला, आणि उष्णतेबद्दल वर जे लिहिलं त्यावरून त्याचा वाटा मोठा असणार. किती मर्यादेमुळे आणि किती हवेमुळे, हे या एका लॅपटॉपवरून सांगता येत नाही. मला सांगाल तर मी दोन्ही करेन, आणि एकच करायचं असेल तर आधी लॅपटॉप फायलींवरून उचलेन, कारण त्याची किंमत काहीच नाही.

हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "मग माझ्या लॅपटॉपला आणि फोनला पण लावून दे ना." तिला मी नाही म्हटलं, आणि का ते समजावायला काकांच्या बॅटरीपेक्षा जास्त वेळ लागला.

तिच्या लॅपटॉपमध्ये ३८ वॉट-अवर उरले होते. त्यावर ८० टक्क्यांची मर्यादा लावली तर हातात ३१ राहणार. भंडाऱ्याला पक्षकाराकडे बसून तिला तीन तास काम करायचं असतं, तिथे प्लग मिळेलच असं नाही. म्हणजे बॅटरी पुढे कधीतरी कमी भरेल या भीतीने ती आजच कमी भरायची. शिवाय तिची बॅटरी तशीही शंभरवर फार वेळ बसत नाही, त्यामुळे मर्यादेने वाचणारंही थोडंच.

फोनचं गणित तर आणखी स्पष्ट आहे. समजा फोन ५,००० मिलिअँपिअर-अवरचा आहे. मर्यादा न लावता दोन वर्षांत त्यात ८८ टक्के उरले असं धरू, म्हणजे ४,४००. मर्यादा लावली आणि बॅटरी जास्त टिकून ९४ टक्के उरली असं धरू, म्हणजे ४,७००, पण वापरायला मिळणार त्याचे ८० टक्के, ३,७६०. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, पण यांच्या आसपासचे दुसरे धरून पाहा. मर्यादा लावलेला फोन दोन वर्षं रोज संध्याकाळी आधी संपतो. मर्यादा न लावलेली बॅटरी जवळपास ७५ टक्क्यांवर उतरेपर्यंत हातात तीच जास्त देते. तोवर बहुतेक जणांचा फोन बदलायची वेळ झालेली असते, किंवा बॅटरी बदलून मिळते. चार-पाच वर्षं फोन वापरायचा असेल आणि दिवसभराला ८० टक्के आरामात पुरत असतील, तर मात्र लावावी. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, सेटिंगमध्येच ८० टक्क्यांचा पर्याय आहे, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही तो आहे, त्यामुळे एकदा लावून विसरता येतं.

विसरता येणं मी महत्त्वाचं मानतो. काकूंनी हे बोलणं अर्धवट ऐकलं आणि रात्री उठून फोन ८० ला काढायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना थांबवलं. रात्री लावलेला फोन पहाटे तास-दोन तास शंभरवर राहिला तर त्याने फार बिघडत नाही, आणि हल्लीचे फोन रात्री ८० वर थांबून उठायच्या सुमारास उरलेलं भरतात. सेटिंग नसेल आणि हाताने करावं लागत असेल तर करू नये. त्याऐवजी त्यांचा फोन उशीखाली चार्ज होत होता, तो बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगितला. बॅटरीला त्यानेच जास्त आराम मिळेल.

मर्यादेचा एक उलटा परिणामही काकांकडे दिसला. महिनोन्महिने बॅटरी ७५ ते ८० मध्येच राहिली की तिचं भरलेलं मोजणाऱ्या चिपचा अंदाज घसरतो, कारण तिला पूर्ण भरलेलं आणि रिकामं असे दोन्ही टोकाचे खुणेचे दगड दिसतच नाहीत. जानेवारीत वीज गेली तेव्हा २२ टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडला. काका घाबरले, नवी बॅटरीही गेली असं त्यांना वाटलं. मर्यादा काढून एकदा १०० पर्यंत भरली, मग काम करत १० च्या खाली उतरवली, पुन्हा भरली, आणि आकडे जागेवर आले. आता दर चार महिन्यांनी एकदा ते असं करतात आणि लगेच मर्यादा परत लावतात.

हाच मुद्दा लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत मोठा होतो. टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत हा प्रकार असतो. तिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला किती उरलंय ते नीट कळत नाही, आणि म्हणून अशा गाड्यांत अधूनमधून शंभर टक्के करायला सांगतात. शेजारच्यांनी लॅपटॉपचा ८० चा नियम गाडीला लावला होता. त्यांना मी गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं.

ताईची बॅटरी गेल्या महिन्यात ७१ टक्क्यांवर आली, फेऱ्या ८०० च्या पुढे गेल्या आहेत. टचपॅड व्यवस्थित दाबलं जातं, झाकण बसतं, पण भंडाऱ्याला तिसरा तास आता निघत नाही. दिवाळीनंतर नवी बॅटरी घालायचं ठरलं आहे, आणि तिलाही मर्यादा लावणार नाही.